अनुभव सांगा: कुंडीतली तुळस, रोजचं पाणी आणि दीड मिनिटाच्या व्हिडिओतली तिसरी पायरी

डोंबिवलीची_गॅलरी

माझ्या मावशीला आता जवळजवळ ऐकू येत नाही. गेल्या वर्षी ती गावचं घर सोडून मुलाकडे फ्लॅटमध्ये राहायला आली आणि पहिली गोष्ट मागितली ती तुळस. तिच्यासाठी म्हणून मी दीड मिनिटाचा एक व्हिडिओ केला. आवाज नाही, नुसते सासूबाईंचे हात आणि खाली मोठ्या अक्षरांत पायऱ्या. अशा सहा होत्या: १. अंघोळीनंतर तुळशीपाशी या. २. कालची फुलं, पिवळी पानं काढा. ३. तांब्याभर पाणी घाला. ४. हळदकुंकू, फूल वाहा. ५. संध्याकाळी दिवा लावा. ६. मंजिऱ्या खुडा.

मावशीने तो मन लावून पाहिला, तसंच सगळं केलं आणि दोन महिन्यांत तिची तुळस गेली. मग मला आठवलं की आमच्याही दीड वर्षात तीन गेल्या होत्या. एक सप्टेंबरात, एक तुळशीच्या लग्नानंतर लगेच, एक मार्चमध्ये. प्रत्येक वेळी आम्ही ‘नजर लागली’, ‘ऊन लागलं’ असं म्हणत नवीन आणली.

तिसरी उपटली तेव्हा मुळं नीट पाहिली. पांढरी नव्हती, तपकिरी होती. बोटाने ओढलं तर वरची साल निसटून हातात यायची आणि आत दोऱ्यासारखं काहीतरी उरायचं. मातीला मोरीसारखा वास. सासूबाईंचा तांब्या मोजला, साडेसातशे मिली भरला. कुंडी आठ इंची, तिच्यात माती फार तर चार लिटर, आणि खाली प्लॅस्टिकची बशी, शेजाऱ्यांच्या गॅलरीत पाणी जाऊ नये म्हणून. ती कायम भरलेली.

व्हिडिओ पुन्हा करायचा आहे. पण तिसऱ्या पायरीत काय लिहू? सासूबाई पन्नास वर्षं तांब्याने पाणी घालत आल्या आहेत. तुमच्याकडे काय करता, काय बिघडलं, कसं कळलं, ते सविस्तर सांगा.

मावळ_रोपवाटिका

बावीस वर्षं रोपं विकतोय. परत येणाऱ्या गिऱ्हाइकांची निम्मी तक्रार तुळशीचीच असते.

तुमच्या सासूबाई चुकत नाहीत, जागा बदलली आहे. अंगणातल्या वृंदावनाला बहुधा खाली तळ नसतो, माती थेट जमिनीला मिळालेली असते. तिथे तांब्याभर घाला नाहीतर कळशीभर, पाणी खाली निघून जातं. कुंडीला ती सोय नाही, त्यात तुम्ही बशी ठेवलीत. मुळांना हवा लागते. माती सतत चिंब राहिली की ती गुदमरतात आणि कुजतात. कुजलेलं मूळ पाणी वर चढवू शकत नाही, म्हणून माती ओली असूनही झाड मान टाकतं. माणसाला वाटतं तहानली, आणि तो आणखी पाणी घालतो. तुमच्या तिन्ही याच फेऱ्यात गेल्या असणार.

ओळखायचं कसं? मे महिन्यात दुपारी दोनला पानं लोंबली आणि सांजेला आपोआप सावरली, तर ते उन्हामुळे. त्याची काळजी नको. सकाळी सातला माती ओली असताना पानं लोंबलेली असतील, तर मुळं गेली आहेत. बुंधा मातीपाशी काळा पडून मऊ लागला तर ते झाड वाचवायच्या नादी लागू नका. वरचे हिरवे, फुलं न आलेले शेंडे बोटभर लांबीचे कापा, खालची पानं काढा आणि पाण्याच्या पेल्यात ठेवा. पाणी दोन दिवसांनी बदला. उबदार दिवसांत आठ-दहा दिवसांत मुळं फुटतात.

तिसऱ्या पायरीत लिहा: ‘बोटाचं एक पेर मातीत घाला. कोरडं लागलं तरच पाणी.’ आणि पाणी घालाल तेव्हा भोकातून बाहेर येईपर्यंत घाला, बशी रिकामी करा. थेंब-थेंब रोज घालण्यापेक्षा हे बरं.

फोंडा_अंगण

आमच्याकडे गोव्यात तुळस दारासमोर, चौकोनी रंगवलेल्या वृंदावनात. पाणी जास्त झाल्याचा त्रास मला ठाऊकच नव्हता, फक्त पावसात ती रोडावते. सलग आठ दिवस ऊन दिसलं नाही की खालची पानं गळतात. आम्ही जूनच्या आधी शेंडे खुडून झाड आखूड करतो, म्हणजे वाऱ्यापावसात मोडत नाही.

दिव्याबद्दल मात्र लिहायचंय. वृंदावनाला पणतीसाठी कोनाडा असतो, ज्योत झाडापासून लांब राहते. माझी मुलगी पुण्यात कुंडीतच पणती ठेवायची. एका बाजूची पानं कडेने तपकिरी होऊन कुरकुरीत झाली. तिने तो रोग समजून औषध फवारलं. मी गेले तेव्हा सांजवेळ होती, पाहिलं तर ज्योत आणि फांदी यांत चार बोटांचं अंतर! पणती कुंडीबाहेर पाटावर ठेवली, नवी पानं चांगली आली. पाचव्या पायरीत दिवा कुठे ठेवायचा ते दाखवा. आणि तुळशीच्या लग्नाला, म्हणजे आमच्या व्हडल्या दिवाळीला, ऊस आणि आवळ्या-चिंचेच्या फांद्याही मातीत खोल खुपसू नका, मुळं तुटतात. तुमची दुसरी लग्नानंतर गेली म्हणून सांगते.

नागपूर_मधुरा

माझ्या मते कारण कुंकू आहे. माझी तुळस सुकत होती, कुंकू बंद केलं आणि दोन आठवड्यांत सुधारली. हल्लीच्या कुंकवात रंग असतात, त्यांनी मुळं जळतात. व्हिडिओतून चौथी पायरी काढूनच टाका.

मावळ_रोपवाटिका

ताई, कुंकू बंद केलंत त्याच सुमारास आणखी काही बदललं होतं का? चिमूटभर कुंकवाने झाड मेलेलं मी पाहिलं नाही. पण रोज तेच वाहून मातीवर एक घट्ट थर बसतो, त्यावर तेल सांडतं, मग हवा-पाणी खाली जात नाही. हे मात्र पाहिलंय. पंधरा दिवसांनी वरची अर्धा इंच माती खुरप्याने उकरून बदलली तरी पुरतं. बुंध्याला लावू नका, कुंडीच्या कडेला बोट लावा.

नागपूर_मधुरा

हो, तेव्हाच कुंडी गच्चीतून पूर्वेच्या खिडकीत आणली होती. तरी मी कुंकू कुंडीलाच लावणार, मातीत नाही.

फ्रँकफर्ट_खिडकी

इथे प्रश्न उलटा आहे. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत तुळस बाल्कनीत छान असते, मग एका थंड रात्रीत पानं काळी पडतात. नेमकं लग्न कार्तिकात! पहिली दोन वर्षं मी काड्यांचं लग्न लावलं. आता रात्रीचं तापमान दहाच्या खाली जायला लागलं की लगेच आत घेते. दक्षिणेची खिडकी, तरी डिसेंबरात दिवस इतका लहान की फांद्या लांबट आणि फिक्या होतात. हिवाळ्यात मी दहा-बारा दिवसांनी पाणी घालते, तेही कोमट. रोजच्या पूजेला पंचपात्रातली एक पळी पुरते. हीटरच्या वर मात्र कुंडी ठेवू नये, मी एक तशी घालवली. सप्टेंबरात दोन फांद्या पाण्यात लावून ठेवते, मूळ झाड गेलं तरी लग्नाला एक जिवंत असते.

शब्द_साताऱ्याचे

पळीची कल्पना मला पटली. आमच्या आजीचंही तसंच होतं. ती ताम्हन कुंडीपुढे ठेवून त्यात अर्घ्य सोडायची, एक पळी मातीत टाकायची आणि ताम्हनातलं पाणी जास्वंदीला जायचं. चाळीतल्या तिसऱ्या मजल्यावर तिची तुळस टिकायची, त्याचं कारण आज कळलं.

सहाव्या पायरीवर मला शंका आहे. आजी एकादशी, द्वादशी, रविवारी आणि दिवेलागणीनंतर तुळशीला हात लावत नसे. मंजिऱ्यांनाही हाच नियम का?

मावळ_रोपवाटिका

शास्त्र मी सांगणार नाही, झाडाचं सांगतो. मंजिरीत बी धरलं की झाड सगळी ताकद तिकडे लावतं. पानं बारीक होतात, फांद्या लाकडासारख्या होतात, आणि बी पिकलं की झाड आवरतं घेतं. मंजिरी जांभळट, कोवळी असतानाच खालच्या पानांच्या जोडीसकट खुडा, तिथून दोन फांद्या फुटतात. चार दिवस उशीर झाला तर काही बिघडत नाही, त्यामुळे आजीचे दिवस पाळून सहज जमतं. एक-दोन मंजिऱ्या बियांसाठी ठेवा. कुंडीतली तुळस दोन-तीन वर्षांनी थकतेच.

कोकणस्थ_घरटं

आमच्याकडे कोवळी मंजिरी सकाळी खुडून विठोबाला वाहतात. देवाला वाहायचीच असते, मग खुडण्यात दोष कसला? पण द्वादशीला आमच्या घरीही कुणी हात लावत नाही.

नवी_कुंडी_ठाणे

माझी तुळस तर फारच जोमात आहे! पानं रुंद, गुळगुळीत, चकचकीत हिरवी, फुलं पांढरीशुभ्र, बी पाण्यात टाकलं की साबुदाण्यासारखं फुगतं. रोज दोनदा पाणी घालते. मग तुमच्या तुळशी का मरतात?

मावळ_रोपवाटिका

तो सब्जा वाटतोय. तुळशीच्या कोवळ्या खोडावर बारीक लव असते, पानांची कड दातेरी असते, चुरगळलं की लवंगेची आठवण होते. फूल लहान, जांभळट. दोन्ही एकाच कुळातली, लहानपणी ओळखायला अवघड जातं.

नवी_कुंडी_ठाणे

वास बडीशेपेसारखा आहे. सात महिने मी रोज त्यालाच नमस्कार करतेय, दिवा लावतेय. आता काय करायचं? ते काढून टाकायला माझा हात धजत नाही.

कोकणस्थ_घरटं

काढू नका, राहू दे. शेजारी तुळस लावा. पूजा कोणती धरायची ते मला सांगता येणार नाही.

गोरेगाव_दुपार

मी शाळेत कमी दिसणाऱ्या मुलांना शिकवते. व्हिडिओतली पांढरी अक्षरं हिरव्या पानांवर येतात, ती वाचता येत नाहीत. खाली काळी पट्टी द्या. एका वेळी एकच ओळ, आणि ती किमान पाच सेकंद राहू द्या. मावशी ओळ वाचतील, मग हातांकडे पाहतील, दोन्हीला वेळ हवा. ‘पेर’ म्हणताना बोट मातीत जाताना जवळून दाखवा आणि बाहेर काढलेलं बोटही दाखवा, एकदा माती चिकटलेलं, एकदा कोरडं. हा फरक शब्दांत सांगायला तीन ओळी लागतील.

डोंबिवलीची_गॅलरी

काल पुन्हा चित्रण केलं. तिसरी पायरी आता दोन झाल्या: ‘पळीभर पाणी वाहा’ आणि ‘पेर कोरडं? मगच पोटभर पाणी.’ सासूबाईंनी पळी घेतली, पण तांब्याही भरून शेजारी ठेवला, म्हणाल्या, तुळशीपुढे रिकाम्या हाताने गेल्यासारखं वाटतं. तो आता ताम्हनात रिकामा होतो आणि मग मोगऱ्याला जातो. कुंडी बारा इंची घेतली, बशी काढून खाली दोन विटा ठेवल्या. मावशीला शेंड्यापासून केलेलं रोप पाठवलंय, त्याला चार पानं नवी आहेत.

एक विचारायचं राहिलं. गेलेल्या तिन्ही तुळशींची वाळलेली खोडं अजून गॅलरीत आहेत. कचऱ्यात टाकवत नाहीत.

शब्द_साताऱ्याचे

टाकू नका. आजी वाळलेली खोडं धुवून उन्हात सुकवायची आणि जुन्या पिशवीत माळ्यावर ठेवायची. आम्हाला कधी कळलं नाही कशासाठी. ती गेली तेव्हा आईने ती पिशवी खाली काढली. चितेवर तुळशीचं लाकूड ठेवायचं होतं, ते आजीने स्वतःच जमवून ठेवलं होतं.