शिक्षकांच्या शिष्यवृत्तीचा निबंध: वर्गातला प्रयोग तुम्ही कसा मांडला? अनुभव लिहा

झरीच्या_बाई
काल शेजारच्या शाळेतली एक तरुण शिक्षिका अर्ज घेऊन घरी आली. "वर्गातील नवोपक्रम व त्याचा मोजता येणारा परिणाम, 500 शब्दांत" ही ओळ वाचली आणि यवतमाळ जिल्ह्यातली माझी द्विशिक्षकी शाळा डोळ्यांपुढे उभी राहिली. तिसरी-चौथी माझ्याकडे. तिसरीतली बहुतेक मुलं कोलामांची, घरी कोलामी बोलणारी. मराठी पुस्तक समोर आलं की गप्प.

मी मुलांनाच गोष्टी सांगायला लावल्या. बैल हरवला, आजीनं मोहफुलं वेचली, असं काहीही. सातवीतली एक पोर कोलामी आणि मराठी दोन्ही सफाईनं बोलायची, ती देवनागरीत उतरवून घ्यायची. पुठ्ठ्याच्या एका बाजूला कोलामीत पाच-सहा छोटी वाक्यं, दुसऱ्या बाजूला तीच मराठीत, वर मुलाचं चित्र आणि सेलोटेप. जेवणाच्या सुट्टीनंतर रोज जोडीनं वाचन. निबंधात याला एकच परिच्छेद दिला. उरलेली जागा "परिणाम कशावरून म्हणता?" यालाच गेली. तुम्ही काय लिहिलंत?

पांढरकवडा_भाऊ
बाई, चौथीची शिष्यवृत्ती का पाचवीची? माया पोराचा फॉर्म रायला आहे, हेडमास्तर म्हणते उद्या या. आमच्या वेळी चौथी-सातवीले होती.

वणीची_सून
भाऊ, ती मुलांची परीक्षा. हा शिक्षकांचा अर्ज आहे. पण उद्या नक्की जा, तारीख निघून जाईल.

गणिताचा_मास्तर
मी टक्केवारी दिली होती. सुरुवातीची चाचणी, शेवटची चाचणी, वाढ इतके टक्के. समितीला आकडा हवा असतो, तो ठळक दिला की काम झालं.

झरीच्या_बाई
सर, आकडा हवाच, पण माझ्या वर्गात टक्केवारीनं चित्र फुगलं असतं. जुलैत 16 मुलं होती, परिच्छेद किंवा त्यापुढचं वाचणारी 3. फेब्रुवारीत 13 उरली, वाचणारी 9. म्हणजे 19 टक्क्यांवरून 69! पण गेलेली तीन मुलं आईबापासोबत कामाला बाहेरगावी गेली होती, आणि तिघंही अक्षरापर्यंत किंवा त्याच्याही मागं होती. ती यादीतून गळली की वर्ग न शिकताच वर चढलेला दिसतो. म्हणून दोन्ही वेळा हजर असलेल्या 13 जणांचंच लिहिलं: जुलैत 3, फेब्रुवारीत 9. त्या तिघांचं वेगळं वाक्य लिहिलं, की ती गेली आणि त्यांच्याबद्दल मला काही सांगता येत नाही. शिवाय 13 मुलांत एक मूल म्हणजे जवळपास 8 टक्के, एकाला ताप आला की आकडा हलतो.

मेळघाट_रहिवासी
आमच्याकडे धारणीत कोरकू मुलं. कोरकू आणि कोलामी तशा एकाच घरच्या, त्यामुळे तुमची कार्डं आमच्याकडेही चालतील का? पाठवता का फोटो?

गोंडपिपरीचा
एका घरच्या नाहीत दादा. कोलामी गोंडीसारखी द्रविडी कुळातली, कोरकू मुंडा कुळातली, संथाली-मुंडारीच्या नात्यातली. कार्डं चालणार नाहीत, पद्धत चालेल. आणि आयती कार्डं नेऊच नका. मुलानं स्वतः सांगितलेली गोष्ट आहे म्हणून तर ते वाचतं.

मेळघाट_रहिवासी
बरं झालं सांगितलंत. मग लिहून घ्यायला कोण? आमच्याकडे सातवी नाहीच.

झरीच्या_बाई
अंगणवाडीची मदतनीस बघा. गावातलीच असते, दोन्ही भाषा येतात.

निवृत्त_केंद्रप्रमुख
असे अर्ज मी बरेच वाचलेत. बाईंचं गळतीचं म्हणणं अगदी बरोबर. माझी शंका दुसरी आहे. पोरं कार्ड पाठ करतात. बोट फिरवत घडाघडा म्हणतात, पाहणारा खूश. मी भेटीला गेलो की कार्डाच्या मधल्या ओळीवर बोट ठेवायचो, किंवा शेवटच्या ओळीपासून वर वाचायला सांगायचो. पाठ असलेलं मूल तिथंच अडतं, किंवा हळूच पहिल्या ओळीपासून सुरू करून त्या शब्दापर्यंत येतं. तुम्ही चाचणी कशावर घेतली?

झरीच्या_बाई
सर, कार्डावर नाहीच घेतली. कोणीही न पाहिलेला मराठी उतारा, जुलैत एक, फेब्रुवारीत तेवढाच सोपा दुसरा. पायऱ्या नेहमीच्याच: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. फेब्रुवारीत मी वर्गाबाहेर थांबले, शेजारच्या शाळेच्या सरांनी एकेका मुलाला ओट्यावर बसवून ऐकलं. मी असते तर ओठ हलवून मदत केली असती, शिक्षकाचा जीव राहत नाही. एक मुलगी "विहीर" या शब्दावर थांबली, "वि… ही… र" असं जोडलं आणि मग स्वतःच हसली. सरांनी ते कागदावर टिपून ठेवलं होतं.

गणिताचा_मास्तर
हे पटलं. पण वेग? निपुण भारतमध्ये तिसरीला मिनिटाला 60 शब्द आहेत. तुमची किती वाचायची?

झरीच्या_बाई
परिच्छेद वाचणारी सगळी तेवढ्या वेगानं नाही वाचत. निबंधात तेही लिहिलं.

उमरेड_कन्या
मायबाई, हे वाचून मला आमचा तिसरीचा वर्ग आठवला. कापूस वेचणीत अर्धा वर्ग रिकामा. दिवाळीनंतर बाई हजेरी घ्यायच्या आणि आम्ही चौघी "हजर" म्हणायचो. पोरांची नखं बोंडांनी फाटलेली असायची, पेन्सिल धरवत नसे. यंदा भाव काय चालू आहे ओ तिकडे?

पांढरकवडा_भाऊ
भावाचं नाव काढू नका ताई. व्यापारी ओला म्हणून कापून घेते.

वणीची_सून
🙏 खरंय.

विज्ञान_शिक्षक_वर्धा
एक विचारू का बाई? आठ महिने गेले की मुलं कशीही थोडी पुढं जातातच. कार्डं नसती तरी 3 चे 5 झाले असते. तुलना कशाशी केली?

झरीच्या_बाई
चौथीशी. जुलैत चौथीतल्या 11 मुलांचीही तीच चाचणी घेतली होती. त्यांनी त्याच शाळेत, त्याच वस्तीतून येऊन, कार्डांशिवाय तिसरी पूर्ण केलेली. त्यातली 5 परिच्छेद वाचत होती. माझी तिसरी फेब्रुवारीत, म्हणजे वर्ष संपायच्या आधी, 13 पैकी 9 वर होती.

विज्ञान_शिक्षक_वर्धा
कल्पना चांगली आहे, खर्च नाही, वेगळा गट करून कोणाला वंचित ठेवायला नको. तरी दोन-तीन मुलांचाच फरक आहे हा. आणि रोजचं जादा वाचन कार्डांशिवाय, साध्या मराठी पुस्तकानं केलं असतं तर? गुण कोलामीचा की जादा वेळेचा?

गोंडपिपरीचा
भाषेचाच. तोंड उघडल्याशिवाय वाचन कसलं?

निवृत्त_केंद्रप्रमुख
तसं ठामपणे या आकड्यांवरून म्हणता येणार नाही. दोन्ही एकत्रच दिलं गेलंय. वेगळं करायचं तर पुढच्या वर्षी काही आठवडे नुसतं मराठी पुस्तक, मग काही आठवडे कार्डं, असं बघावं लागेल.

झरीच्या_बाई
सर, माझं मत गोंडपिपरीच्या बाजूनं आहे, पण अर्जात "कार्डं आणि रोजचं जोडीवाचन मिळून" असंच लिहिलं होतं. त्या तरुण शिक्षिकेला तुमची आठवड्यांची आलटापालट सांगते. तिचा अर्ज पुढच्या वर्षी गेला तरी चालेल म्हणते ती.

मेळघाट_रहिवासी
मदतनीस ताईंशी आत्ताच बोललो, तयार आहेत. पुठ्ठा कुठला घ्यायचा? आमच्याकडे ओल येते फार.

उमरेड_कन्या
लग्नपत्रिका! जाड असतात, कोरी बाजू मिळते. गावात मागा, ढीग येईल.

पांढरकवडा_भाऊ
मायाकडे शंभरेक आहेत भाऊ, बहिणीच्या लग्नातल्या उरल्या. धारणीले कोणी येऊन रायलं असंल तर देतो.