बिडाची ताकद कळली ती पुरात

> बिडाचा पूल दगडी पुलाची जागा घेऊ शकतो, हे लोकांना पटलं कधी?

माझ्या मते १७९५ च्या पुरात. इंग्लंडमध्ये कोलब्रुकडेलजवळ सेव्हर्न नदीवर अब्राहम डार्बी तिसरा याने १७७९ मध्ये बिडाच्या पुलाची कमान उभी केली: गाळा सुमारे ३० मीटर, बीड सुमारे ३७८ टन. बीड दाब सोसतं, ताणात तडकतं, म्हणून सगळा भार दाबानेच पेलणारी कमानच हवी होती. सांधे मात्र चक्क सुतारकामाचे: खाचा, डव्हटेल आणि पाचरी. नव्या मालाचे सांधे कसे करायचे याचा अनुभवच नव्हता, त्यामुळे बीड गरजेपेक्षा बरंच जास्त गेलं.

१७९५ च्या पुरात जवळचा बिल्डवासचा दगडी पूल गेला, डार्बीचा टिकला. जाळीदार कमानीतून पाणी निघून गेलं. बिल्डवासला अभियंता थॉमस टेलफर्डने मग बिडाचाच पूल बांधला. गाळा जास्त, सुमारे ४० मीटर, तरी बीड निम्म्याहून कमी.

डार्बीच्या पुलाचं खरं दुखणं काठांचं. ते आत सरकत गेले, कमान दाबली जाऊन माथा वर उचलला गेला आणि बिडाला तडे गेले. शेवटी १९७० च्या दशकात नदीच्या तळाशी काँक्रीटचा आडवा टेकू घालून दोन्ही काठ रोखावे लागले.