आयआरआर हाताने काढताना १० आणि २० टक्के दर धरले तर चुकलं का?

प्राजक्ता: टी.वाय.बी.कॉम.ला आहे. मशीनची किंमत १,००,००० रुपये, तीन वर्षांत आवक ३०,०००, ४०,००० आणि ६०,०००. मी १० आणि २० टक्के धरले, आयआरआर १३.०० आला. मैत्रिणीने १२ आणि १३ धरले, तिचा १२.७२. सूत्र एकच, मग बरोबर कोण?

अनिकेत: दोघीही. एक एनपीव्ही अधिक आणि दुसरा उणे आला की झालं. मार्क पायऱ्यांना असतात. दोन्ही अधिक आले असते तर मात्र उत्तर चुकलंच असतं.

सुलभाताई: मला हे पटत नाही. प्राजक्ता, १० टक्क्यांना तुझा एनपीव्ही +५,३७० आला असेल, २० ला −१२,५१०. दोन्हींमधलं अंतर १७,८८०.

१० + (५,३७० ÷ १७,८८०) × १० = १३.००

आकडेमोड चोख आहे. पण आता १३ टक्केच परत घालून बघ. तक्त्यातले ०.८८५, ०.७८३, ०.६९३ घेतले की आवकेची आजची किंमत ९९,४५० भरते, म्हणजे एनपीव्ही −५५०. तिथे तर शून्य यायला हवं होतं.

दर वाढतो तसा एनपीव्ही सरळ रेषेत उतरत नाही. आधी भराभर उतरतो, मग हळूहळू. आपण दोन टोकं सरळ रेषेने जोडतो. ती रेषा मधल्या वक्राच्या वरून जाते आणि शून्याला उशिरा पोचते. सुरुवातीला एकदाच खर्च आणि पुढे फक्त आवक असेल, तर असं उत्तर खऱ्यापेक्षा जास्तच येतं. भांडवलाचा खर्च १२.९ टक्के असता तर तुझ्या १३.०० वर विसंबून आपण तोट्याचं मशीन घेतलं असतं.

आणि अनिकेत, दोन्ही अधिक असले तरी काम होतं. १२ ला +१,३९० येतो. १० आणि १२ घेऊन रेषा पुढे वाढवली तर १२.७० येतं, म्हणजे प्राजक्ताच्या १३.०० पेक्षा खऱ्याच्या जवळ.

अनिकेत: हे माहीत नव्हतं. तरी तीन तासांच्या पेपरात तिसरा दर तपासायला वेळ कुठून आणायचा? मी १० आणि २० वरच थांबेन.

सुलभाताई: १३.०० आल्यावर शेजारचे १२ आणि १३ घ्यायचे. पाच मिनिटं लागतात.

रफिक: माझं थोडं वेगळं आहे. ५०,००० चं कर्ज 'फक्त १० टक्के' सांगून मिळालं, ४,५८३ चे १२ हप्ते. हीच रीत महिन्याला १ आणि २ टक्के धरून लावली, तर महिना दीड टक्का निघाला. वर्षाचे १८ झाले ना?

सुलभाताई: हो, कारण मुद्दल दर महिन्याला फिटत जातं, पण व्याज पूर्ण ५०,००० वर धरलंय.

अनिकेत: १८ नाही, चक्रवाढीने साडेएकोणीस.

सुलभाताई: बँका महिन्याच्या दराला बाराने गुणून वर्षाचा दर सांगतात, तुलना त्याच्याशी करायची तर १८.

अनिकेत: खिशातून जातात ते साडेएकोणीसच्या हिशोबाने.