परिषदेच्या स्वीकृतिपत्राचे मराठी भाषांतर: अटीचे वाक्य कसे लिहावे?

पानसुपारी: माझ्या भाचीचा सारांश एका परिषदेने स्वीकारला असून ती प्रथमच सादरीकरण करणार आहे. ई-मेल आणि नोंदणीच्या सूचना मी तिच्यासाठी मराठीत करत आहे. माझे वाक्य असे झाले आहे: ‘आपला सारांश सादरीकरणासाठी स्वीकारण्यात आला आहे, जर किमान एका लेखकाने १५ मेपर्यंत नोंदणी केली.’ हे कानाला खटकते. शिवाय मुदतीपुढे 23:59 AoE असे आहे आणि नोंदणीच्या पानावर Presenting Author व Student असे पर्याय आहेत. त्यांचेही मराठी करावे का?

जुनाखर्डा: वाक्य तोडा आणि अट नकारात्मक करून परिणामासह सांगा: ‘आपला सारांश पोस्टर म्हणून स्वीकारला आहे. मात्र १५ मेपर्यंत एकाही लेखकाने शुल्क भरून नोंदणी केली नाही, तर तो कार्यक्रमातून वगळला जाईल.’ मूळ पत्रात वगळण्याचा उल्लेख असेल तरच हे लिहा. तो बहुधा चार परिच्छेद खाली असतो. पोस्टर की भाषण हेही तपासा, कारण नुसते ‘सादरीकरण’ वाचून ती स्लाइड तयार करत बसेल. पत्रात लांबी-रुंदी दिली असेल तर पोस्टर, मिनिटे दिली असतील तर बहुधा भाषण. पर्यायांची नावे पडद्यावर दिसतात तशीच ठेवून शेजारी अर्थ लिहा, नाहीतर तिला ते बटण सापडणार नाही. AoE म्हणजे पृथ्वीवर कुठेही १५ तारीख शिल्लक असेपर्यंत. ही वेळ UTC पेक्षा १२ तास मागे असल्याने मुदत UTC नुसार १६ मे रोजी सकाळी ११:५९ ला संपते. पत्रात १५ मेच ठेवा आणि खाली तिच्या घड्याळाची वेळ द्या.

निळीशाई: सारांशाचे भाषांतर करताना मी निष्कर्ष आधी घेतो, पार्श्वभूमी नंतर.

पानसुपारी: सारांश इंग्रजीतच राहणार आहे, प्रश्न फक्त पत्राचा आहे.

सहप्रवासी: एकाने नोंदणी केली की काम झाले, बाकीच्या लेखकांना वेगळे शुल्क पडत नाही.

जुनाखर्डा: सारांश कार्यक्रमात राहण्यापुरते हे बरोबर आहे. प्रत्यक्ष येणाऱ्या प्रत्येक सहलेखकाला मात्र सहसा स्वतंत्र नोंदणी करावी लागते, म्हणून ‘किमान एका’ हे शब्द गाळू नका.

पानसुपारी: वाक्य बदलले, पत्र पोस्टरचेच आहे. एक अडचण उरते. ती विद्यार्थिनीही आहे आणि सादरकर्तीही. सवलतीच्या Student शुल्कात सारांशाची अट पूर्ण होते का, हे पत्रात कुठेच नाही.

जुनाखर्डा: काही परिषदा ते ग्राह्य धरतात, काही पूर्ण शुल्काचा आग्रह धरतात, त्यामुळे तिथे अंदाजाने मराठी वाक्य घालू नका. पैसे भरण्यापूर्वी सारांश क्रमांक देऊन आयोजकांना विचारा.

पानसुपारी: आजच विचारले आहे. तोवर भाषांतरात ती ओळ ‘आयोजकांचे उत्तर प्रलंबित’ अशी ठेवली आहे.