मदत हवी आहे: विमानाच्या जाण्या-येण्याच्या वेळेतला फरक गणितात बसत नाहीये

खटपट्या
पूर्वेकडे जाणारं विमान लवकर पोचतं, पश्चिमेकडे जाणाऱ्याला जास्त वेळ लागतो आणि याला कारण वरचा जेट स्ट्रीम. एवढं ठाऊक आहे, कृपया तेच परत सांगू नका.

अडचण पुढची आहे. अंतर ५५०० किमी, विमान ताशी ९००, वारा ताशी २५० धरला. पूर्वेकडे जाताना ११५०, परत येताना ६५०. उत्तरं आली ४ तास ४७ मिनिटं आणि ८ तास २८ मिनिटं, म्हणजे पावणेचार तासांच्या आसपास फरक. वेळापत्रकात तो जेमतेम तास-सव्वा तास दिसतो. कुठे गंडतंय? उद्या सकाळी वर्गात मांडायचं आहे, जरा लवकर सांगा.

रिकामटेकडी
कुठून कुठे? आणि महिना कुठला?

दादासाहेब
अहो, तिकिटावर दोन्हीकडच्या स्थानिक वेळा असतात. घड्याळातला फरक वजा केलात का? मुलाकडे जाताना माझाही असाच घोळ झाला होता, त्याला विमानतळावर पाच तास आधी बोलावून ठेवलं.

खटपट्या
दादासाहेब, ते केलेलं आहे. मी प्रवासाचेच तास म्हणतोय.
न्यूयॉर्क-लंडन. महिन्याने काय फरक पडतो?

भोवरा
सगळे वाऱ्याच्या मागे लागलेत. मूळ कारण पृथ्वीचं फिरणं. विषुववृत्तावर ताशी १६७० किमी वेग आहे, त्याचा परिणाम होणारच ना?

रिकामटेकडी
पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. तुमच्या हिशोबाने विमान हवेत असताना न्यूयॉर्क स्वतःच चालत त्याच्याकडे यायला हवं, म्हणजे पश्चिमेकडचा प्रवास झटपट व्हायला हवा. होतं नेमकं उलट. हवाही पृथ्वीबरोबरच फिरते.

दूरदर्शी
उड्डाणांचे मार्ग आखण्याच्या कामात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

खटपट्या, तुमचा भागाकार बरोबर आहे, पण २५० हा आकडा चुकीच्या जागी वापरलाय. तो प्रवाहाच्या गाभ्यातला वेग आहे. हिवाळ्यात तो २५० काय, ३०० च्या पुढेही जातो. पण हा गाभा उंचीला एक-दोन किमी आणि रुंदीला काही शे किमी एवढाच असतो, आणि तो नागमोडी वाहतो. विमान त्यात शिरतं, काही वेळ फायदा उठवतं आणि बाहेर पडतं. शिवाय वारा नेमका पाठीमागून क्वचितच येतो. तुमच्या दिशेशी त्याचा ६० अंशांचा कोन असेल तर २५० पैकी १२५ च कामाला येतात, बाकीचा जोर विमानाला बाजूला ढकलण्यात जातो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. परत येणारं विमान त्याच वाटेने येतच नाही. उत्तर अटलांटिकवर वाऱ्याचे अंदाज पाहून दिवसातून दोनदा मार्ग ठरतात. रात्री पूर्वेकडे जाणाऱ्यांना प्रवाहाजवळचे आणि दिवसा पश्चिमेकडे येणाऱ्यांना त्याला बगल देणारे. त्यासाठी कधी पार ग्रीनलंडपर्यंत वर जावं लागतं. अंतर वाढलं तरी चालतं, कारण समोरचा वारा टळतो.

आता हेच गणित पुन्हा करा. समजा, जाताना सगळ्या वाटेवर मिळून सरासरी १०० ची मदत झाली: ५५०० भागिले १०००, साडेपाच तास. येताना चुकवाचुकवी करूनही सरासरी ५० चा अडथळा राहिला: ५५०० भागिले ८५०, ६ तास २८ मिनिटं. फरक ५८ मिनिटं. वेळापत्रकातले तास यापेक्षा जास्त दिसतात, कारण त्यात गेटपासून धावपट्टीपर्यंतचा वेळ, चढण, उतरण आणि थोडी राखीव मिनिटं असतात. वळसा घेतल्याने वाढलेलं अंतर मी धरलेलं नाही, आणि १०० व ५० हे आकडे समजण्यापुरते घेतलेत. प्रत्यक्षात ते रोज बदलतात.

भोवरा
म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याचा काहीच संबंध नाही म्हणता?

दूरदर्शी
आहे, पण तुम्ही म्हणता तसा नाही. उष्ण कटिबंधातली गरम हवा वरच्या थरातून ध्रुवाकडे सरकते आणि पृथ्वी फिरत असल्यामुळे पूर्वेकडे वळते. दक्षिणेची हवा गरम आणि उत्तरेची थंड, हा फरक जितका मोठा तितका प्रवाह जोरदार. म्हणून महिना विचारला होता. जानेवारीत हा फरक जास्त असतो, जुलैत प्रवाह ढिला पडून उत्तरेकडे सरकतो.

फिरस्ता
फेब्रुवारी २०२० मध्ये ब्रिटिश एअरवेजचं ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं. म्हणजे खटपट्यांचं ४ तास ४७ अगदीच हवेतलं नाही. आवाजाचा वेगही ओलांडला होता त्याने!

दूरदर्शी
नाही ओलांडला. कियारा वादळाच्या वेळी जमिनीवरून मोजलेला वेग १३०० च्या पुढे गेला होता, पण भोवतालच्या हवेच्या तुलनेत विमान नेहमीच्याच वेगाने उडत होतं. सरकत्या जिन्यावर चालणाऱ्यासारखंच. सीटसमोरच्या पडद्यावर जो वेग दिसतो तो जमिनीवरचा असतो, त्यावरून गैरसमज होतो. त्या दिवसाचा अपवाद घेऊन रोजचं वेळापत्रक समजणार नाही.

खटपट्या
बरं, पण वारा रोज सारखाच आणि वाटही एकच धरली तर जाताना वाचलेला वेळ येताना गमावला, म्हणजे हिशोब फिटला ना? वर्गात हे कोणीतरी विचारणारच.

रिकामटेकडी
नाही फिटत! १०० चा वारा धरून बघा. वारा नसेल तर एका बाजूला ६ तास ७ मिनिटं. पाठीमागून असेल तर ५:३०, ३७ मिनिटं वाचली. समोरून असेल तर साधारण ६:५२, ४५ मिनिटं गेली. अडथळ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं, त्यामुळे नुकसान नेहमीच मोठं.

फिरस्ता
मग कंपन्या येताना वेग वाढवत का नाहीत?

दूरदर्शी
वाढवतात, पण किंचित. समोरचा वारा असला की थोडं वेगाने जाणंच इंधनाच्या हिशोबात परवडतं आणि पाठीमागून असला की थोडं हळू. पण आवाजाच्या वेगाच्या जवळ गेलं की हवेचा रोध झपाट्याने वाढतो, त्यामुळे ९०० चे ११०० करता येत नाहीत.

दादासाहेब
अवांतर: आमचं विमान रात्री खूप हादरलं होतं. ते याच वाऱ्यामुळे का?

दूरदर्शी
शक्य आहे. प्रवाहाच्या कडेला थोड्याच अंतरात वाऱ्याचा वेग एकदम बदलतो आणि निरभ्र आकाशातही धक्के बसतात. ढग नसल्याने रडारवर काही दिसत नाही. पुढे गेलेल्या विमानांकडून कळलं तर वैमानिक उंची बदलतो.

भोवरा
सगळीकडे वारा पश्चिमेकडूनच असतो हेही पटलं नाही. मान्सूनच्या महिन्यांत दक्षिण आशियावर वरचा वारा पूर्वेकडून येतो, हे शाळेत शिकलोय.

रिकामटेकडी
हे मात्र खरं. पण तो बऱ्याच वर वाहतो, प्रवासी विमानांना त्याची कितपत झळ लागते?

खटपट्या
मंडळी, विषय न्यूयॉर्क-लंडनचा आहे. दूरदर्शी, जाताना १०० आणि येताना ५० हे जानेवारीचे आकडे म्हणून मांडू का? आणि जुलैला किती धरू?

दूरदर्शी
महिन्याचं नाव घालू नका, उदाहरण म्हणूनच मांडा. जुलैचा आकडा अंदाजाने देणार नाही. त्या दिवशीचा साधारण साडेदहा किमी उंचीवरचा वाऱ्याचा नकाशा उघडा आणि वाटेवरच्या पाच-सहा ठिकाणी वाऱ्याचा वेग आणि दिशा दोन्ही बघा.

दादासाहेब
हादरे कमी जाणवावेत म्हणून कुठली सीट घ्यावी?

फिरस्ता
पंखाजवळची.