रिपोर्टवर 'बिनाईन' आलं, मग पुढे काय झालं? (अनुभव धागा)

घोडबंदरची शुभा

धागा मीच काढलाय, तर सुरुवातही माझ्यापासून. वय ४४, डाव्या स्तनात वरच्या बाजूला कडक गाठ. मॅमोग्राम आणि सोनोग्राफी झाली. १.४ सेंमीची गाठ, कडा चांदणीसारख्या फुटलेल्या, खाली 'बायरॅड्स ४सी'. म्हणजे कॅन्सर असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. बायोप्सी झाली आणि सहाव्या दिवशी रिपोर्ट हातात आला: 'फायब्रोफॅटी टिश्यू, निगेटिव्ह फॉर मॅलिग्नन्सी', म्हणजे चरबी आणि तंतू, कॅन्सर सापडला नाही, आणि शेवटी तो शब्द, बिनाईन. दवाखान्यात काउंटरवरची मुलगीच म्हणाली, "साधी गाठ आहे मॅडम, सुटलात." नौपाड्यातून पेढे घेऊनच घरी आले. सासूबाईंनी देवापुढे ठेवले.

चार दिवसांनी सर्जनकडे गेले. त्यांनी रिपोर्ट वाचला, मग मॅमोग्रामची फिल्म उजेडासमोर धरली, परत रिपोर्ट वाचला. म्हणाले, "हे जुळत नाहीये. चांदणीसारखी दिसणारी गाठ नुसती चरबी कशी असेल? सुई गाठीच्या शेजारी गेली असणार." मी म्हटलं, पण बिनाईन लिहिलंय ना? तर म्हणाले, "जे तुकडे बाटलीत आले ते बिनाईन. गाठीबद्दल अजून आपल्याला काहीच कळलेलं नाही."

पेढे संपले होते तोवर.

नेरूळ सेक्टर सहा

माझा अनुभव वडिलांचा, मेंदूतल्या गाठीचा. मेनिंजिओमा, ग्रेड १. तोही बिनाईनच. वडील ठाणे-बेलापूर पट्ट्यात नोकरी करून निवृत्त झालेले. डावीकडच्या दाराच्या चौकटीला खांदा आपटायला लागला, आम्ही वयावर घातलं. नंतर कळलं की डाव्या बाजूचं दिसतच नाहीये. गाठ डोळ्यांच्या नसांवर बसलेली. कवटीच्या आत जागाच नसते, त्यामुळे गाठ चांगली की वाईट हे नसेला कळत नाही, दाब तेवढा कळतो. ऑपरेशन झालं, पण रक्तवाहिनीला चिकटलेला एक तुकडा मुद्दाम ठेवला. दरवर्षी एमआरआय. गेली चार वर्षं तो तुकडा तेवढाच आहे. दिसणं मात्र पूर्ण परत आलं नाही.

कळव्याचा बंडू

शुभाताई, तुम्ही उगाच घाबरवताय लोकांना. बिनाईन म्हणजे बिनाईन, लॅबवाले चुकत नाहीत. उलट परत परत सुया मारल्या की साध्या गाठीचा कॅन्सर होतो. माझ्या मावशीच्या शेजारणीचं तसंच झालं.

निवृत्त स्लाइडवाला (ठाणे पूर्व)

बत्तीस वर्षं पॅथॉलॉजीत काढली, म्हणून दोन शब्द. बंडूराव अर्धे बरोबर आहेत: लॅब बहुतेक वेळा चुकत नाही. आमच्याकडे जे येतं त्यावर आम्ही बरोबरच लिहितो. पण १४ नंबरच्या सुईने निघालेला तुकडा उदबत्तीच्या काडीपेक्षा फार जाड नसतो, असे चार-पाच. गाठ आम्ही पाहिलेलीच नसते.

सुईने साध्या गाठीचा कॅन्सर होत नाही. त्या शेजारणीच्या बाबतीत मला वाटतं गाठ आधीपासूनच तशी होती आणि पहिली सुई चुकली होती. लोक दुसऱ्या सुईला दोष देतात.

एक छोटी खूण सांगतो. चरबीचे तुकडे फॉर्मालीनवर तरंगतात, घट्ट गाठीचे सहसा तळाला जातात. बाटलीतले सगळेच तुकडे तरंगताना दिसले की अनुभवी रेडिओलॉजिस्ट तिथेच आणखी एक-दोन घेतो. पक्का नियम नाही, काही गाठींचे तुकडेही तरंगतात. कॅल्शियमचे ठिपके शोधायचे असतील तर तुकड्यांचाच एक्स-रे काढून ते आत आलेत का ते बघतात.

आणि 'साधी गाठ' या मराठी शब्दाने फार घोटाळा केलाय. बिनाईनचा अर्थ एवढाच, की या पेशी शेजारच्या भागात घुसून दूरवर पसरणाऱ्या जातीच्या दिसत नाहीत. त्या कुठे बसल्यात, किती वाढतील, परत येतील का, हे त्या शब्दात नसतं. शुभाताई, दुसऱ्या बायोप्सीत काय आलं?

घोडबंदरची शुभा

सांगते. दुसऱ्या वेळी सोनोग्राफीवर सुईचं टोक गाठीच्या आत दिसतंय याचा फोटो काढून ठेवला. पाच तुकडे, त्यातले चार तळाला गेले (हे मला आता तुमचं वाचून आठवलं). रिपोर्ट: 'कॉम्प्लेक्स स्क्लेरोझिंग लीजन' आणि त्यात 'एटिपिकल डक्टल हायपरप्लासिया', म्हणजे दूधनळीतल्या पेशी वाढलेल्या आणि नेहमीपेक्षा वेगळ्या दिसणाऱ्या, थोडक्यात एटिपिया. पुन्हा बिनाईन! पण या वेळी गाठ अशी का दिसत होती त्याचं कारण मिळालं. ही जात मॅमोग्रामवर कॅन्सरसारखीच दिसते म्हणे.

मला वाटलं, झालं आता. तर सर्जन म्हणाले, काढायची. कारण सुईत एटिपिया आला की कधीकधी शेजारच्या कोपऱ्यात कॅन्सर दडलेला सापडतो. पूर्ण गाठ काढून तपासली, कॅन्सर नव्हता. सव्वा इंचाची शिवण राहिली. तिन्ही रिपोर्टवर एकच शब्द, आणि तिन्ही वेळा त्याचा अर्थ वेगळा!

खारघर हिल्स

मला मणक्याच्या एमआरआयमध्ये 'हिमँजिओमा', म्हणजे रक्तवाहिन्यांची गाठ, लिहून आलंय, बिनाईन असंही आहे. कंबर दुखते. मीही दोनदा बायोप्सी करून घेऊ का?

निवृत्त स्लाइडवाला

नाही हो. धागा सुईने काढलेल्या तुकड्यांचा चाललाय. तुमचं एमआरआयवर ओळखलं गेलंय. मणक्यातले हिमँजिओमा बहुतेक वेळा आयुष्यभर काहीच करत नाहीत, दुसऱ्याच कारणासाठी फोटो काढला की दिसतात. कंबरेचं कारण वेगळं शोधा. तिथे मात्र 'साधी' म्हटलं तरी चालेल.

शुभाताई, एटिपियाने पुढे स्तनाच्या कॅन्सरचा धोका साधारण चौपट होतो, आणि दोन्ही बाजूंना. दरवर्षीचा मॅमोग्राम ठरला असेलच. गोळीबद्दल काही बोलले का?

घोडबंदरची शुभा

टॅमॉक्सिफेन, पाच वर्षं. धोका बराच कमी होतो म्हणाले. पण गरम वाफा, रक्तात गुठळीची भीती, आणि मी शाळेत दिवसभर उभी असते. एका डॉक्टरांनी घ्या म्हटलं, दुसऱ्यांनी तुमच्यावर सोपवलं. अजून ठरलेलं नाही.

नेरूळ सेक्टर सहा

दुसरं मत घेताना नुसता रिपोर्टचा कागद नेऊ नका. लॅबकडून स्लाइड आणि ज्यात तुकडे जपून ठेवलेले असतात ते मेणाचे ब्लॉक मागून घ्या, सही करून देतात. वडिलांच्या वेळी आम्ही कागद घेऊनच दारोदार फिरलो, प्रत्येक ठिकाणी ब्लॉक आणा म्हणून परत पाठवलं.

कळव्याचा बंडू

काका, एक विचारू का. बायकोचं मागच्या महिन्यात झालंय. सोनोग्राफीत बायरॅड्स '४बी' होतं, बायोप्सीत 'बिनाईन ब्रेस्ट टिश्यू'. गाठीचं नाव कुठेच नाही. आम्ही फाइल कपाटात ठेवून दिली.

निवृत्त स्लाइडवाला

कपाटातून काढा. ज्यांनी सुई घातली त्या रेडिओलॉजिस्टकडे फोटो आणि रिपोर्ट दोन्ही घेऊन जा आणि एवढंच विचारा: हे तुकडे तुम्हाला दिसलेल्या गाठीशी जुळतात का? जुळतात म्हणाले तर पुढची सोनोग्राफी कधी ते लिहून घ्या, बहुधा सहा महिन्यांनी. जुळत नाही म्हणाले तर सुई परत.

कळव्याचा बंडू

उद्या अकराची वेळ मिळाली आहे. तिला अजून सांगितलेलं नाही.