डिस्चार्ज कार्डावर चुकून लिहिलेला मधुमेह: दुरुस्तीचं पत्र रेसिडेंटनं द्यावं का?

होटगी रोड: सोलापुरातच रेसिडेंट आहे. दम्याच्या पेशंटला हायड्रोकॉर्टिसोन चालू असताना रँडम शुगर २१२ आली. फाइल जमा झाल्यावर पाहिलं, तर अंतिम निदानात ‘टाइप २ मधुमेह’, कोड E11.9. एचबीए१सी ५.४ आहे, स्टेरॉइड थांबल्यावर उपाशीपोटी ९४. रेकॉर्ड विभागाला लिहितोय: ‘सदर रुग्णास मधुमेह नाही, नोंद रद्द करावी.’ मी दिलं तर चालेल?

शेळगीकर: पत्रापत्री कशाला? रेकॉर्ड रूममध्ये जा, एक आडवी रेघ मारा, शेजारी बरोबर निदान, सही, तारीख, वेळ. जुनं अक्षर वाचता आलं की झालं. वॉर्डात आम्ही हेच करतो.

निवृत्त रेकॉर्डवाले: पेशंट वॉर्डात असेपर्यंत बरोबर. जमा फाइलवर रेघ मारून काय होणार? संगणकात E11.9 तसाच, पेशंटच्या घरी जुनं कार्डही तसंच. गावातला डॉक्टर ते वाचून मेटफॉर्मिन लिहून देईल. म्हणून पत्रच द्या. आयपीडी नंबर, चुकीची ओळ जशीच्या तशी, रिपोर्ट कोणत्या तारखेचे आणि आता काय लिहायचं, एवढं हवं. तारीख आजचीच टाका. ‘रद्द’ हा शब्द मात्र काढा. जुनं पान फाइलमध्येच राहतं, नव्या कार्डावर ‘सुधारित’ लिहितात.

पार्क चौक: आईचं वय ६५ ऐवजी ५६ पडलं होतं. आधार दाखवलं, क्लार्कनं लगेच बदललं. इथं एवढे सोपस्कार का?

निवृत्त रेकॉर्डवाले: वय आधारवरून कळतं. निदान क्लार्कनं ठरवायचं नसतं.

अक्कलकोट नाका: रेसिडेंटनंही ठरवू नये. कार्डावर युनिट प्रमुखांची सही आहे, त्यांना डावलून पत्र गेलं तर उद्या कुणीही कुणाचंही निदान फिरवेल. त्यांनीच लिहावं.

जुळे सोलापूर: ते वेळ काढून लिहितील तोवर पेशंट विम्याला अर्ज करेल. आधीचा आजार म्हणून ३६ महिन्यांपर्यंत वाट पाहायला लावू शकतात. ज्याला चूक दिसली त्यानं लिहावं, खाली प्रमुखांची सही घ्यावी.

फिजिशियन, २० वर्षं: माझी हरकत ‘मधुमेह नाही’ या शब्दांना आहे. हिमोग्लोबिन किती? नुकताच रक्तस्राव झाला असेल किंवा रक्त चढवलं असेल, तर एचबीए१सी खोटा कमी येतो. असं लिहा: ‘स्टेरॉइड चालू असताना रक्तशर्करा वाढली. या भरतीतील तपासण्यांवरून मधुमेहाचे निदान सिद्ध होत नाही.’ कोड R73.9 सुचवा आणि ३ महिन्यांनी पुन्हा तपासणी लिहा.

होटगी रोड: हिमोग्लोबिन ९.२ आहे. रक्त चढवलेलं नाही.

फिजिशियन, २० वर्षं: लोह कमी असेल तर आकडा उलट वर सरकतो, मग ५.४ तुमच्याच बाजूनं जातो. पण फेरिटिन पाहिलंय का?

होटगी रोड: नाही. मजकूर तुमच्या शब्दांत बदलतो. प्रमुख म्हणतात, ‘फॉलोअपला आला की बघू.’

अक्कलकोट नाका: मग थांबा.

जुळे सोलापूर: थांबू नका. पत्र आवक-जावकला नोंदवून पोच घ्या, सही नंतर होईल.